नऊच्या आत बारा नाच

लग्नाच्या आदल्या रात्रीचा संगीताचा कार्यक्रम लांबला, की खापर ठरलेल्या माणसांवर फुटते. डीजेने गाणे चुकीचे लावले, निवेदकाने पाल्हाळ लावले, मुलीकडच्या मावश्या साडी नेसण्यातून बाहेरच आल्या नाहीत, पाहुणे वेळेवर पोहोचले नाहीत. यातले प्रत्येक कारण खरे असते आणि एकही मूळ कारण नसते. कार्यक्रम लांबणार हे महिना-दीड महिना आधीच ठरून गेलेले असते. कुणीतरी व्हॉट्सॲपवर गट उघडतो आणि ‘कोण कोण कुठल्या गाण्यावर नाचणार?’ असे विचारतो, तेव्हाच ते ठरते. त्या प्रश्नाला गाण्यांची नावे येतात, मिनिटे येत नाहीत. तीन दिवसांत एकोणीस गाण्यांची यादी तयार होते आणि कुणाचेही गाणे कापणे म्हणजे त्या माणसाला कापणे होऊन बसते. या लेखाचे म्हणणे एवढेच, की संगीताचा वेळ गाण्यांना वाटायचा नसतो, माणसांना वाटायचा असतो, आणि तो गाणी निवडण्याआधी वाटायचा असतो. तसे केले तर कार्यक्रम आटोपशीर होणे आणि सगळ्यांना सारखे मिळणे ही दोन वेगळी कामे राहत नाहीत.

मराठी लग्नात नाचगाणे नवे नाही. हळदीला, घाणा भरताना बायका गाणी म्हणत आल्या आहेत, आणि आगरी-कोळी वस्त्यांत हळदीच्या रात्री अख्खी आळी बॅन्जोवर नाचते. पण तिथे वेळेचे भांडण होत नाही, कारण तिथे प्रेक्षकच नसतात. जो उभा आहे तो नाचतो, दमला की बाजूला होतो, आणि पाळी नावाची गोष्टच उद्भवत नाही. संगीत हा प्रकार उत्तरेकडच्या, विशेषतः पंजाबी घरांतला. तो आपल्याकडे आला त्यात हिंदी सिनेमाचा वाटा मोठा. ‘हम आपके हैं कौन’ 1994 साली आला, ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ 1995 साली, आणि लग्नघर म्हणजे एकामागून एक बसवलेल्या नाचांचे घर ही कल्पना घराघरांत पोहोचली. पंजाबी घरातही मूळ चाल बायकांनी ढोलकी घेऊन बसून गाण्याची. सिनेमाने तिला रंगमंच दिला. रंगमंच आला की समोर खुर्च्या आल्या, खुर्च्या आल्या की पाळी आली, आणि पाळी आली की कुणाची आधी, कुणाची नंतर, कुणाची किती वेळ हा हिशोब आला. मानपान पूर्वी आहेराच्या साडीत असायचा, तो तिथून उठून गाण्यांच्या यादीत जाऊन बसला आहे.

हिशोब एका ठोस उदाहरणावर मांडू. समजा, पुण्याजवळच्या एका लॉनवर डिसेंबरात संगीत आहे. निमंत्रण संध्याकाळी सातचे. हिशोबाची सुरुवात मात्र सातपासून करायची नाही, शेवटापासून करायची. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 प्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. राज्य सरकार वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत मुभा देते, पण ती सणाउत्सवांसाठी, आपल्या घरच्या कार्यासाठी नाही. बंदिस्त सभागृहातल्या आवाजाला नियमात सवलत आहे, तरी भोवती वस्ती असेल तर कार्यालयाचा व्यवस्थापक दहालाच घड्याळ दाखवतो. तर दहाला आवाज बंद. त्याआधीचा एक तास सगळ्यांनी मिळून नाचण्याचा आणि जेवणाचा ठेवला, तर बसवलेले नाच नऊला संपायला हवेत. सातला बोलावलेली माणसे पावणेआठपर्यंत स्थिरस्थावर होतात. पावणेआठ ते नऊ म्हणजे पंच्याहत्तर मिनिटे. वधूवरांचे येणे, स्वागत, दोघांच्या फोटोंची चित्रफीत यांना पंधरा मिनिटे जातात. उरला एक तास. त्यातली बारा मिनिटे कशासाठीही न ठेवता मोकळी सोडायची, कारण काहीतरी होतेच. म्हणजे नाचांसाठी हातात अठ्ठेचाळीस मिनिटे. हा आकडा कुणाच्याही गाण्याचे नाव ऐकण्याआधी कागदावर यायला हवा.

आता ती एकोणीस गाण्यांची यादी या घड्याळावर ठेवून पाहा. प्रत्येकाने आपले गाणे जवळजवळ पूर्ण, म्हणजे चार मिनिटांचे धरले आहे. दोन नाचांच्या मध्ये न आखलेल्या कार्यक्रमात तीन मिनिटे सहज जातात. एका नाचाची सात मिनिटे, एकोणीस नाचांची एकशे तेहेतीस. सुरुवात आठऐवजी सव्वाआठला झाली, जी होतेच, तर दहाच्या ठोक्याला पंधरा नाच होतात आणि चार राहतात. हे चार कुणाचे असतात? ज्यांना यादीत शेवटी घातले त्यांचे. आणि शेवटी कुणाला घातलेले असते? ज्यांनी आग्रह धरला नाही त्यांना: एखादी चुलत काकू, गावाहून आलेल्या आत्यांचा गट, नव्याने नातेवाईक झालेली धाकट्या जावेची माहेरची माणसे. लांबलेल्या कार्यक्रमाला कात्री लागते ती नेहमी शेपटाला, आणि शेपटाकडे नेहमी कमी वजनाची माणसे असतात. कार्यक्रम लांबण्यातूनच अन्याय घडतो तो असा. शिवाय एक अन्याय दिसतही नाही. नऊला जेवण सुरू झाले, की सातव्या नाचापासून पुढचे सगळे नाच हातात ताटे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या पाठींसमोर होतात. नाच झाला अशी नोंद होते, पण तो कुणी पाहिलेला नसतो. महिनाभर तालीम केलेल्या मामींना हे बरोबर कळते, आणि त्या ते पुढची दहा वर्षे विसरत नाहीत.

वेळ वाचवायचा म्हटले, की पहिला हात गाण्यावर पडतो. तो तिथे पडायलाच हवा, पण त्याआधी दोन नाचांमधल्या फटीकडे पाहायला हवे, कारण सर्वाधिक मिनिटे तिथे सांडतात. नाच अडीच मिनिटांचा आणि मधली अदलाबदल दीड मिनिटाची धरली तर एक नाच चार मिनिटांचा, आणि अठ्ठेचाळीस मिनिटांत बारा नाच बसतात. तीच अदलाबदल तीन मिनिटांची झाली, तर त्याच वेळात आठच नाच बसतात. चार नाच नुसत्या ये-जा करण्यात गेले. ही ये-जा कशाने लांबते ते जवळून पाहण्यासारखे आहे. लॉनच्या रंगमंचाला बहुधा एकाच बाजूला पायऱ्या असतात. नाचून उतरणारे आठ आणि चढणारे आठ त्याच पायऱ्यांवर समोरासमोर येतात, त्यात कुणीतरी उतरणाऱ्याला मिठी मारते, कुणाचा घागरा पायरीत अडकतो. निवेदक नावे पुकारतो, मग माणसे खुर्च्यांतून उठतात, मग एक जण कमी असल्याचे कळते. गाणे कुणाच्या तरी फोनमध्ये असते आणि त्या फोनवर नेमका कॉल येतो. यातल्या प्रत्येकावर उपाय आहे आणि तो फुकट आहे. कार्यालयाकडून दुसऱ्या बाजूलाही पायरी मागून घ्यायची, चढायचे डावीकडून, उतरायचे उजवीकडून. एक नाच सुरू असताना पुढचा गट पायरीपाशी उभा असला पाहिजे आणि त्याच्या पुढचा गट खुर्च्या सोडून बाजूला आलेला असला पाहिजे. निवेदकाचे बोलणे ही वेगळी वेळ नाही, ते ये-जा चालू असतानाच व्हायचे. आणि सगळी गाणी आदल्या दिवशी डीजेकडे एकाच पेनड्राइव्हवर, क्रमांक आणि लांबी नावातच घालून: `03_mavshya_2m30s.mp3`. नावातला क्रमांक यासाठी, की रात्री साडेआठला त्या अंधारात ‘ते मावश्यांचे गाणे’ शोधत बसावे लागू नये.

गाणे कापण्याचे तंत्र सोपे आहे आणि ते घरातला कुणीही मुलगा मोबाइलवर करू शकतो. हिंदी-मराठी सिनेमाच्या गाण्याची रचना मुखडा, अंतरा, पुन्हा मुखडा अशी असल्यामुळे ते कापायला तयारच असते. सुरुवातीच्या संगीताचे आठ-दहा सेकंद ठेवायचे, त्यात गट आपापल्या जागी येतो. मग मुखडा, एक अंतरा, परतीचा मुखडा आणि थांबायचे. हे साधारण दोन ते अडीच मिनिटांत बसते. अलीकडे तीन-चार गाण्यांचे तुकडे जोडून एक नाच करण्याची पद्धत आहे. तिला हरकत नाही, पण जोड हा नवशिक्याचा शत्रू आहे. दर जोडाला ताल आणि वेग बदलतो, आणि तालमीतला निम्मा वेळ त्या दोन सेकंदांवर जातो. ज्यांच्या तालमी कमी होणार आहेत, त्यांना एकच गाणे द्यावे. एक नाच अडीच मिनिटांपेक्षा लांब का नको, याचे कारण घड्याळाच्याही पलीकडे आहे. हौशी माणसांना सहा-सात वेगळ्या हालचाली लक्षात राहतात आणि दीड-दोन मिनिटांत त्या संपतात. पुढे त्याच परत येतात आणि पाहणाऱ्याला ते कळते.

बारा जागा हातात आल्या. त्यातली शेवटची सगळ्यांच्या मिळून नाचाची, एक वधूवरांची, उरल्या दहा. आता मुख्य वाटणी. मुलाकडे नाचायला तयार असलेली अठरा माणसे आहेत, मुलीकडे बारा. पहिला दावा येतो तो असा, की आमच्याकडे माणसे जास्त, तेव्हा आमचे नाच सहा, तुमचे चार. हा दावा वरवर न्याय्य दिसतो. पण प्रेक्षक नाच मोजतात, डोकी मोजत नाहीत, आणि सहा-चार हा आकडा वधूपक्षाच्या प्रत्येक माणसाच्या लक्षात राहतो. दुसरीकडे पाच-पाच केले आणि प्रत्येक नाचात सहा जण घेतले, तर दोन्हीकडे तीस-तीस जागा होतात. मुलाकडच्या माणसाच्या वाट्याला सरासरी दोनपेक्षा कमी नाच येतात, मुलीकडच्याच्या वाट्याला अडीच. म्हणजे आता मुलाकडच्यांची तक्रार खरी. यातून वाट निघते ती गटाचा आकार बदलून. नाच पाच-पाचच ठेवायचे, पण मुलाकडचे गट आठ-आठांचे आणि मुलीकडचे पाच-पाचांचे करायचे. मुलाकडे चाळीस जागा अठरा माणसांत, मुलीकडे पंचवीस जागा बारा माणसांत. दोन्हीकडे दर माणशी दोनाहून किंचित जास्त. दोन घरांना मिनिटे सारखी, दोन घरांतल्या माणसांना पाळ्या सारख्या. गट आठाच्या वर मात्र न्यायचा नाही, कारण चोवीस फूट रुंद रंगमंचावर हात पसरून नाचणारी चारच माणसे एका ओळीत मावतात. मागे पडद्याची भिंत आणि वधूवरांचा सोफा असतो, त्यामुळे ओळी दोनच. नववा माणूस कुणाच्या तरी मागे दिसेनासा होतो, आणि तो नेहमी तोच असतो ज्याने ‘मी मागे उभा राहतो’ असे म्हटलेले असते.

सरासरी दोन असेल, तर कमाल तीन हा नियम कंजूष ठरत नाही. शेवटचा सामूहिक नाच सोडून कुणीही तीनापेक्षा जास्त नाचांत नाही आणि ज्याला नाचायचे आहे असा कुणीही एकाही नाचाविना नाही, इतका साधा तो नियम आहे. यावर हमखास येणारा आक्षेप असा, की घरात एखादी करवली असते जिला खरेच नाचता येते. ती सात गटांना हवी असते, सात गटांत ती आनंदाने जाते, मग अडवायचे का? न्यायाचा मुद्दा बाजूला ठेवू, नुसते गणित पाहू. लागोपाठच्या दोन नाचांत तीच व्यक्ती नको, कारण तिला कपडे बदलायचे असतात आणि श्वासही घ्यायचा असतो. सात नाच असे सुटे ठेवायचे तर मध्ये सहा नाच लागतात, म्हणजे एकूण तेरा. कार्यक्रम बाराचा आहे. सहा नाचांत घेतले तर जेमतेम बसते, पण मग अख्खा क्रम तिच्या श्वासोच्छ्वासावर ठरतो आणि आजींचा किंवा लहान मुलांचा नाच कुठे घ्यायचा हे कुणाच्याच हातात राहत नाही. शिवाय त्या सात नाचांतल्या प्रत्येकात प्रेक्षकांचे डोळे तिच्याकडे जातात आणि बाकीचे सगळे तिच्यामागे उभे राहिलेले सजावटीचे लोक होतात. अशा मुलीची खरी जागा शिकवण्यात आहे. तीन नाच तिने नाचावेत, चार तिने बसवून द्यावेत. तिचे कसब तितकेच वापरले जाते आणि जागा दुसऱ्यांना मिळतात.

तालमीच्या हिशोबात तर हे आणखी स्पष्ट दिसते. हौशी गटाला अडीच मिनिटांच्या नाचासाठी साधारण तीन बैठका लागतात: एकीत हालचाली शिकायच्या, दुसरीत कोण कुठे उभा आणि कधी जागा बदलायची ते पक्के करायचे, तिसरीत न थांबता करून पाहायचे. आजी-आजोबा, लहान मुले, आईवडिलांची जोडी अशा चार सोप्या नाचांना दोन पुरतात. आठ नाचांच्या चोवीस आणि चारांच्या आठ, अशा बत्तीस बैठका झाल्या. चार आठवड्यांचे शनिवार-रविवार म्हणजे आठ संध्याकाळी. प्रत्येक संध्याकाळी सव्वा तासाच्या दोन वेळा, सहा ते सव्वासात आणि साडेसात ते पावणेनऊ. एका वेळी दोन गट, एक दिवाणखान्यात, एक गच्चीवर. आठ गुणिले चार, बत्तीस. काठोकाठ बसते, एकही बैठक वाया घालवायला जागा नाही. एकोणीस नाच असते तर पन्नासच्या वर बैठका लागल्या असत्या, म्हणून अशा घरांत निम्मे नाच एका तालमीवर रंगमंचावर जातात आणि मग नाचता नाचता लोक शेजाऱ्याच्या पायाकडे पाहत राहतात. आणि सात नाचांतली ती करवली? सात त्रिक एकवीस बैठका. आठ संध्याकाळींत वेळा सोळाच आहेत. तिच्या उत्साहाला मर्यादा नसेल, पण ती एका वेळी दिवाणखान्यात आणि गच्चीवर असू शकत नाही. तीन नाचांच्या नऊ बैठका सोळांत आरामात मावतात.

एकाच वेळी कोणते दोन गट बसवायचे, हे ठरवायला एक मोठा कागद पुरतो. डाव्या बाजूला माणसांची नावे, वर नाचांचे क्रमांक, जो ज्यात आहे तिथे खूण. ज्या दोन उभ्या रकान्यांत एकाही ओळीवर दोन्हीकडे खूण नाही, ते दोन गट एकाच वेळी तालीम करू शकतात. तेच दोन गट कार्यक्रमातही लागोपाठ येऊ शकतात. म्हणजे तालमीचे वेळापत्रक आणि रात्रीचा क्रम हे दोन्ही त्या एका कागदातून निघतात. प्रत्येकाच्या ओळीतल्या खुणा मोजल्या, की कुणाला किती मिळाले तेही दिसते. हा कागद स्वयंपाकघराच्या दाराला लावावा, गटावर पाठवून पुरत नाही. गटावरचा संदेश वर सरकून दिसेनासा होतो, दारावरचा कागद दिवसातून चारदा डोळ्यांपुढे येतो, आणि आपल्या नावापुढे पाच खुणा पाहून माणूस बहुधा आपणच दोन कमी करतो.

तालमींचा खरा शत्रू आळस नाही, गैरहजेरीचे गणित आहे. गटातला प्रत्येक माणूस भरवशाचा आहे असे धरू, पाचापैकी चार तालमींना येणारा. तरी आठ जणांच्या गटात आठही जण एकाच वेळी हजर असण्याची शक्यता सहात एक, सतरा टक्क्यांच्या आसपास असते. चारांच्या गटात ती एक्केचाळीस टक्के असते. म्हणून ‘सगळे आल्याशिवाय सुरू करायचे नाही’ हे धोरण आठांच्या गटात बहुतेक संध्याकाळी हरते. जे आले ते ताटकळतात आणि पुढच्या वेळी तेही उशिरा येतात. उपाय असा, की आठांचा नाच सुरुवातीपासून चार-चारांच्या दोन अर्ध्यांत बसवायचा. प्रत्येक अर्ध्याला एक पक्का येणारा प्रमुख असावा, पहिल्या दोन बैठका अर्ध्याअर्ध्याने घ्याव्यात आणि तिसरीला सगळ्यांना बोलवावे. जे चुकले त्यांना चित्रफीत पाठवतात, आणि तिथे एक बारीक चूक सर्रास होते. शिकवणारी कॅमेऱ्याकडे तोंड करून नाचते. पाहणारी तिच्या उजव्या हाताला आपला डावा हात जोडते आणि पुढच्या तालमीला अख्ख्या ओळीत एकटीच उलट्या दिशेला जाते. चित्रफीत नेहमी शिकवणाऱ्याच्या पाठीमागून घ्यावी. समोरून हवीच असेल तर ती आरशातल्यासारखी उलटवून पाठवावी.

परदेशातली मंडळी हा आता बहुतेक घरांचा भाग आहे. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात आणि डिसेंबरात न्यू जर्सीची आतेबहीण चार दिवस आधी येऊन पोहोचते. तिला गटात घ्यायचे तर व्हिडिओ कॉलवर सगळ्यांसोबत नाचवू नये, कारण आवाज आणि चित्र दोन्ही मागेपुढे पोहोचतात आणि ताल कधीच जुळत नाही. कॉल नुसता पाहायला आणि चुका सांगायला ठेवावा. गाणे तिने आपल्याकडे आपल्या फोनवर लावावे. वेळ ठरवताना नोव्हेंबरचा पहिला रविवार लक्षात ठेवायचा, कारण त्या दिवशी अमेरिकेतली घड्याळे एक तास मागे जातात. इथले सकाळचे साडेसात हे ऑक्टोबरात तिथल्या रात्रीचे दहा असतात, आणि त्या रविवारनंतर नऊ. अशा माणसाला एकाच नाचात घ्यावे, आणि तोही अर्ध्याअर्ध्याने बसवलेल्या.

एवढा काटेकोरपणा घरच्या कार्यात शोभतो का, असा आक्षेप आहे, आणि तो हलका नाही. लग्नघर म्हणजे शाळेचे स्नेहसंमेलन नव्हे. तिथे आपुलकी हवी, तक्ते कशाला? पण हिशोब टळत नाही, तो फक्त पुढे ढकलला जातो. महिनाभर आधी स्वयंपाकघराच्या दारावर झाला नाही, तर तो रात्री पावणेदहाला माइकवरून, शंभर माणसांदेखत, घाईने आणि रागाने होतो. मग जो जवळ उभा असतो किंवा ज्याचा आवाज मोठा असतो तो ठरवतो. दुसरा आक्षेप प्रेक्षकांच्या बाजूने येतो: सगळ्यांना सारखे दिले तर वाईट नाचणारेही तितकेच पाहावे लागतील. याचे उत्तर लांबीत आहे. बाबांचा अवघडलेला नाच दीड मिनिट अतिशय गोड असतो आणि चार मिनिटे असह्य. तिसरा आक्षेप सर्वांत नाजूक आहे. काहींना नाचायचेच नसते, आणि समान वाटणीच्या नावाखाली त्यांना ओढून आणणे हाही जुलूमच. हे खरे आहे. नको म्हणण्याचा हक्क वाटणीत धरलाच पाहिजे, आणि सूनबाईला किंवा जावयाला तो विशेष जपून द्यायला हवा, कारण त्यांना स्वतःहून नको म्हणणे अवघड जाते. त्यांना कुणीतरी एकांतात विचारावे, गटावर नव्हे. नकार देणाऱ्याची जागा मात्र आधीच तीन नाचांत असलेल्याकडे जाऊ नये.

क्रमाचे दोन नियम पक्के असावेत, बाकी चिठ्ठ्या टाकाव्यात. लहान मुले आणि वडीलधारी पहिल्या वीस मिनिटांत, कारण मुले झोपतात आणि मधुमेह असलेल्या आजोबांना साडेनऊपर्यंत जेवणासाठी ताटकळत ठेवता येत नाही. दोन्ही पक्ष आलटूनपालटून. जेवणाचे काउंटर नऊच्या आधी उघडायचे नाहीत, हे केटररला लिहून द्यायचे. तोवर खुर्च्यांपाशी फिरते खाणे पुरे. चिठ्ठ्यांनी आलेल्या क्रमात सामाईक नावे लागोपाठ आली, तर तेवढीच अदलाबदल करायची. वेळ पाहायला एका नाचातही नसलेला, पण घरातला कुणीतरी हवा. नाच बसवणारा आपले बसवलेले नाच पूर्ण दिसावेत या हौसेत असतो, निवेदकाला बोलायचे असते आणि डीजेचे लक्ष शेवटच्या मोकळ्या तासावर असते. घड्याळ यांपैकी कुणाचेच नसते. आत्याचा शांत मुलगा हे काम चांगले करतो. त्याच्या हातात पेनड्राइव्हवरच्या प्रत्येक गाण्याची दुसरी, दीड मिनिटाची फाइल असावी: `03_mavshya_1m30s.mp3`. ती उगाच कुठेही कापलेली नसावी. पहिला मुखडा परत येतो तिथे थांबणारी असावी, आणि नाच बसवतानाच त्या जागी सगळे समोर येऊन हात जोडतात अशी एक हालचाल ठेवलेली असावी, म्हणजे गाणे तिथे थांबले तरी नाच अर्धवट वाटत नाही. आठला सुरू झालेले सहा नाच आठ चोवीसला संपायला हवेत. आठ चौतीस झाले, म्हणजे मोकळी ठेवलेली बारापैकी दहा मिनिटे गेली, तर सातव्यापासून सगळ्यांनाच छोटी फाइल लावायची, वधूवरांच्या नाचालाही. शेवटचा सामूहिक नाच तेवढा पूर्ण. पाच नाचांची पाच मिनिटे वाचतात, हातात पुन्हा सात मिनिटे येतात, आणि एकही नाव यादीतून खोडावे लागत नाही. हा नियम दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांना आठवडाभर आधी सांगून ठेवायचा. त्या रात्री आत्याच्या मुलाने डीजेला बोट दाखवले, की कुणी काही विचारायचे नाही.